ऐंशी टक्के यशाचं गणित

‘एकाच बैठकीत सिगारेट बंद, यश ८० टक्के.’ संमोहन, अॅक्युपंक्चर किंवा लेसरच्या अशा जाहिरातीतला आकडा दरवेळी थापच असते असं नाही. तो मोजला कसा, यात खरी गोम आहे.

समजा, एका केंद्रात १०० जणांनी उपचार घेतले. महिन्याभराने केंद्राने सगळ्यांना फोन लावले, त्यातल्या ५० जणांनी उचलले आणि ४० जण म्हणाले, “सुटली.” पन्नासांत चाळीस म्हणजे ८० टक्के! संशोधनात हा हिशेब चालत नाही. जो सापडत नाही, तो अजून ओढतोय असंच तिथे धरतात. कारण पुन्हा सुरू केलेला माणूस असे फोन टाळतो. एवढ्या एका नियमाने ८० चे ४० होतात. शिवाय निकाल महिन्याने नाही, निदान सहा महिन्यांनी पाहतात, आणि नुसत्या शब्दावर न विसंबता श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किंवा लाळेतलं कोटिनिन तपासतात. श्वासाची तपासणी फार तर कालपर्यंतचं सांगते, कोटिनिन काही दिवस मागचं. म्हणजे तीही पूर्ण पक्की नव्हे, पण तोंडी कबुलीपेक्षा बरी.

गैरसमज : सुया टोचल्यावर तलफ गेली, म्हणजे अॅक्युपंक्चर लागू पडलं.

तलफ कमी झाल्याचा अनुभव खोटा नसतो. तो सुईमुळे आला की कोणीतरी तासभर आपुलकीने लक्ष दिल्यामुळे, हे ओळखायला काही रुग्णांना मुद्दाम ‘चुकीच्या’ जागी सुया टोचतात आणि त्यांना ते सांगत नाहीत. धूम्रपान सोडवण्यासाठी बहुतेकदा कानावरचे बिंदू वापरतात. अॅक्युपंक्चर आणि त्यासारख्या उपायांच्या ३८ अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला. सुरुवातीच्या आठवड्यांत खऱ्या सुया थोड्या सरस दिसल्या, पण सहा महिने उलटल्यावर खऱ्या आणि नकली सुयांत ठोस फरक उरला नाही. निकोटिनच्या गम-पट्ट्यांशी तुलना केली, तेव्हा तर अॅक्युपंक्चर मागे पडलं.

गैरसमज : लेसर हे आधुनिक यंत्र आहे, तेव्हा त्यामागे विज्ञान असणारच.

इथे त्याच बिंदूंवर सुईऐवजी मंद लेसर धरतात. तो भाजत नाही, बहुधा जाणवतही नाही. त्यामुळे बंद यंत्र धरून तुलना करणं अगदी सोपं. तरीही तिन्ही उपायांत सर्वात तोकडा पुरावा लेसरचाच आहे. त्याच आढाव्यात मोजके अभ्यास हाती लागले आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. यंत्राच्या चकचकाटावरच पैसे घेतले जातात, असं माझं मत झालं आहे.

गैरसमज : संमोहनाने मनातली इच्छाच पुसली जाते.

संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही आणि त्याची इच्छाशक्ती दुसऱ्याच्या हाती जात नाही. तो एकाग्र, शिथिल अवस्थेत सूचना ऐकतो. इथली अडचण वेगळी आहे : नकली सुई करता येते, नकली संमोहन कसं करणार? म्हणून त्याची तुलना समुपदेशनाशी किंवा काहीच न करण्याशी होते. कोक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात १४ अभ्यास होते आणि इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. बरेच अभ्यास छोटे होते. मात्र ‘पुरावा अपुरा’ म्हणजे ‘निरुपयोगी ठरलं’ असं नव्हे. संमोहनाबाबत दार अजून किलकिलं आहे. अॅक्युपंक्चरबाबत दीर्घकाळाच्या फायद्याची आशा त्याहून कमी वाटते.

मग ज्यांचा पुरावा भक्कम आहे, त्यांचे आकडे तरी किती मोठे? कोक्रेनच्या २०२३ च्या तुलनेनुसार औषधाविना सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी साधारण ६ जण सहा महिन्यांपुढेही दूर राहतात. नुसत्या गमने किंवा नुसत्या पट्टीने ९, आणि व्हॅरेनिक्लिन या गोळीने १४. ८० टक्क्यांच्या जाहिरातीशेजारी हे आकडे केविलवाणे वाटतील, पण ते कडक हिशेबातून आलेले आहेत. पट्टी आणि गम एकत्र वापरल्यास एकट्या पट्टीपेक्षा फायदा जास्त होतो. गम मात्र च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. चार-दोनदा चावून झिणझिणलं की गालाशी ठेवायचा, नाहीतर निकोटिन पोटात जातं, मळमळतं आणि लोक तो दुसऱ्याच दिवशी टाकून देतात. व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

सुया किंवा संमोहन करून पाहायचंच असेल, तर गम किंवा पट्टी न सोडता करा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या आहेत ना, हे बघून घ्या. आणि पैसे भरण्याआधी केंद्राला विचारा : तुमच्या आकड्यात फोन न उचलणारे कुठे धरले आहेत, आणि निकाल कितव्या महिन्याचा आहे?