गीझरच्या पोटातली पांढरी पूड

गीझरचा दिवा लागलेला, अर्धा तास उलटलेला आणि बादलीत पाणी थंडगार. आमचा गीझर पंधरा लिटरचा, २००० वॅटचा. एरवी वीस मिनिटांत चटका बसेल इतकं पाणी तापायचं. वायरमन आला आणि दिव्याकडे बघूनच म्हणाला, "कॉईल गेली." या गीझरात दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. दिवा लागतोय म्हणजे थर्मोस्टॅट वीज पुढे सोडतोय.

तरी त्याने तपासलंच. एमसीबी पाडला, प्लग उपसला, झाकण काढलं. पाणी थंड असताना थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला की तो वाजायला हवा, वाजला. वाजला नसता, तर जवळचं छोटं बटण दाबून पाहायचं. पाणी फाजील तापलं की ते उडतं आणि वीज तोडतं. पुन्हा पुन्हा उडत असेल, तर थर्मोस्टॅटच बदलावा.

मग कॉईलच्या वायरी सोडवल्या. २३० व्होल्टवर २००० वॅट देणाऱ्या कॉईलचा रोध साधारण २६ ओहम यावा. मल्टिमीटरवर आलं `OL`, म्हणजे आतली तार तुटलेली. नवी कॉईल बसवताना त्याने एक टोक आणि धातूची नळी यांच्यातही मोजलं. तिथे मात्र `OL`च यायला हवं. नाही तर वीज पाण्यात उतरते.

जुनी कॉईल मी करवतीने कापली. बाहेर बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा जाड थर. त्याच्याआड उष्णता कोंडून तार जळाली होती. आत केसासारखं बारीक वेटोळं, आणि ते नळीला टेकू नये म्हणून सभोवती ठासून भरलेली पांढरी पूड, मॅग्नेशियम ऑक्साइड. ही पूड उष्णतेला वाट देते, विजेला अडवते! धातू बहुधा दोन्हींना वाट देतात, प्लास्टिक दोन्हींना अडवतं. चिमूटभर पुडीच्या या वेगळेपणावर आपली रोजची आंघोळ चालते.

नवी कॉईल तापू लागली आणि खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटप सुरू झाली. मला वाटलं, गळतंय. पण पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेलं की सुमारे ३४० मिलिलिटरने फुगतं, दीड पेला! थंड पाण्याच्या वाटेवरचा हा व्हॉल्व्ह टाकीतलं पाणी मागे फिरू देत नाही. मग फुगलेलं पाणी जाणार कुठे? दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आतली स्प्रिंग दबते आणि तेवढंच पाणी बाहेर पडतं. थर्मोस्टॅट आणि ते बटण दोन्ही चिकटून बसले, तर टाकी फुटण्याआधी दाब सोडणारी हीच वाट उरते. गीझर बंद असतानाही धार लागली, तर व्हॉल्व्ह खराब झाला असेल किंवा नळाचाच दाब जास्त असेल. तापतानाच्या टपटपीला मात्र बूच मारू नका; खाली एक डबा ठेवा.