जंक फोल्डरमध्ये अडकलेली सभेची सूचना

वार्षिक सभेची सूचना मला आलीच नाही, अशी तक्रार मी चिटणीसांकडे केली. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, जंक फोल्डर बघितलात काय?" सूचना नऊ दिवस तिथेच पडून होती. चूक माझीच निघाली.

मी बेळगुंदीत घरच्या संगणकावर थंडरबर्डमध्ये मेल वाचतो. त्याची जंक ओळखण्याची चाळणी आपल्याच हाताने शिकते. आपण एखाद्या मेलला जंक म्हटले की त्यातले शब्द ती वाईटाच्या खात्यात मांडते, चांगले म्हटले की चांगल्याच्या. नव्या मेलमधले शब्द दोन्ही खात्यांत ताडून ती अंदाज बांधते. आता माझा उद्योग ऐका. वर्गणीची स्मरणपत्रे, कार्यक्रमांच्या जाहिराती, मित्रांचे सुविचार, जे नको वाटले त्यावर मी `Junk` दाबत गेलो. चांगल्याच्या खात्यात मात्र एकही नोंद नाही. मग "सभासद", "वर्गणी", "उपस्थित" हे शब्दच तिला संशयित वाटू लागले. नुसती नावेची बाजू भरून ताळेबंद जुळत नाही, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवे होते!

अडकलेली मेल उघडली की वर `Not Junk` बटण दिसते, तेच दाबावे. मेल नुसती ओढून इनबॉक्समध्ये टाकली तर मेल सुटते, पण चाळणी काही शिकत नाही. शिवाय इनबॉक्समधल्या चांगल्या मेल निवडून `Shift+J` दाबावे, म्हणजे दुसरे खातेही भरते. चिटणीसांचा पत्ता अॅड्रेस बुकात घालावा आणि खात्याच्या `Junk Settings` मध्ये त्या बुकातल्या पत्त्यांना सूट द्यावी. फारच बिघडले असेल तर `Reset Training Data` ने पाटी कोरी करता येते.

जीमेलने स्वतःच मेल `Spam` मध्ये टाकली असेल, तर थंडरबर्डला शिकवून उपयोग नाही. तिथे ब्राउझरमध्ये जीमेल उघडून `Report not spam` करावे लागते, आणि तेही लवकर, कारण तिथल्या मेल 30 दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.

सोडवण्याआधी एक तपासणी मात्र करावी. पाठवणाऱ्याचे नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचावा. पत्ताही खोटा लावता येतो, म्हणून जोडलेली फाइल उघडण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून विचारावे. लांबून येणारी चित्रे थंडरबर्ड अडवून ठेवतो, ती तशीच राहू द्यावीत. बँकेच्या नावाची मेल असेल तर तिच्यातली लिंक दाबू नये, बँकेची साइट स्वतः टाइप करून उघडावी. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितले होते, तो शेवट बघावा.

माझ्या जंकमध्ये त्या दिवशी सभेच्या सूचनेशेजारीच "आपले खाते बंद होणार" अशी एक मेल होती. ती मी तिथेच ठेवली.