‘ख’ आला की बाराखडी म्हणा

नाव, गाव, फळ, फूल, प्राणी, पदार्थ. कागदावर सहा रकाने आखायचे, एकाने मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्याने थांबवायचं. ‘ण’ किंवा ‘ळ’ आला तर पुन्हा सुरुवात, कारण त्यांनी शब्द सुरू होत नाहीत. एकट्याच्या उत्तराला 10 गुण, दोघांचं सारखं आलं तर प्रत्येकी 5, रिकाम्या रकान्याला शून्य.

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात मुलं खेळताहेत आणि ‘ख’ आला. ‘गाव’ म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या डोक्यात खापाच येणार, म्हणजे 5 गुण. मग एखाद्याला त्याच सावनेर तालुक्यातलं वीजकेंद्राचं खापरखेडा आठवतं. पण तेही शेजारचंच, दुसऱ्यालाही आठवू शकतं.

अशा वेळी बाराखडी कामी येते. नुसतं ‘ख, ख’ घोकलं की तेच ते शब्द फिरून येतात. त्याऐवजी ख, खा, खि, खु, खे, खो असं एकेक काना-मात्रा लावत गेलं, की प्रत्येक पायरीला वेगळे शब्द सुचतात. ‘खे’ला खेड, ‘खो’ला खोपोली. प्राण्यांत खार सगळेच लिहितात. खेचर किंवा खवले मांजर क्वचितच कुणी लिहितं. फळांत खरबुजाऐवजी खिरणी.

अडतं ते फुलापाशी. ‘ख’चं बागेतलं फूल पटकन सापडत नाही; शेतातली पिवळी खुरासणी मात्र चालते. झाडाचं किंवा पिकाचं फूल धरायचं की नाही, हे डाव सुरू होण्याआधीच ठरवावं, नाहीतर गुण मोजताना भांडण होतं. आणि वेळ संपत आला असेल, तर वेगळं शोधत बसू नये: खापा लिहून 5 तरी पदरात पाडावेत.