भुकटीचे दूध : चहा पाणचट का लागतो?



उन्हाच्या दिवसांत बल्लारपूरकडे म्हशी आटतात आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई येते. मग दुधाची भुकटी आणावी लागते. ती अंदाजाने कालवली की चहा पाणचट होतो आणि खीर बेचव. असे का होते ते पाहू.

उसाच्या रसाचा ब्रिक्स आपण पाहतो, तसा दुधालाही दाटपणा आहे. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण साडेबारा ग्रॅम घनपदार्थ असतात, म्हशीच्या दुधात पंधराच्या आसपास. त्यातला स्निग्धांश गाईच्या दुधात साडेतीन, म्हशीच्या दुधात सहा किंवा जास्त. चहाला गोडी आणि भरीवपणा येतो तो या स्निग्धांशाने.

म्हणून आधी पाकीट वाचा. साय न काढलेल्या दुधाच्या भुकटीत स्निग्धांश २६ टक्क्यांच्या पुढे असतो. तिची १३० ग्रॅम भुकटी आणि ८७० मिलिलिटर पाणी घेतले की गाईच्या दुधासारखे एक किलो दूध तयार होते. साय काढलेल्या भुकटीत स्निग्धांश जेमतेम एक-दीड टक्का. ती कितीही घाला, चहा फिकाच राहणार. चहासाठीच्या काही भुकट्यांत साखर मिसळलेली असते. ती मिठाईला वापरली तर गोडाचे प्रमाण बिघडते.

आता लग्नघराचा हिशेब करू. दूध दहा लिटर हवे, म्हशीचे मिळाले पाचच. साय काढलेली ४५० ग्रॅम भुकटी साडेचार लिटर पाण्यात कालवून त्या दुधात मिसळावी. स्निग्धांश सहावरून तीनवर येतो, पण बाकीचे घनपदार्थ नऊच्या आसपास टिकतात. नुसते पाणी घातले असते तर तेही निम्मे झाले असते. दारा खुरोडी यांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेले टोन्ड दूध याच हिशेबावर उभे आहे. चहाला ते चालते. बासुंदीला मात्र साय न काढलेलीच भुकटी घ्यावी, आणि किलोला २५० ग्रॅम भुकटी, ७५० मिलिलिटर पाणी असे दाट कालवावे. आटवण्याचे सरपण वाचते.

कालवताना उकळत्या पाण्यात भुकटी टाकू नका, गुठळ्या होतात. पाणी उकळून कोमट होऊ द्या. गंजात थोडे पाणी घेऊन भुकटी भुरभुरवा, घोटून सरसरीत करा, मग उरलेले पाणी घाला. अर्धा तास मुरू द्या आणि उकळा. तळाशी रवाळ गाळ राहिला तर भुकटी नीट मुरली नाही असे समजावे.

एक सावधगिरी. दुधाच्या काट्यावर, म्हणजे लॅक्टोमीटरवर, विसंबू नका. स्निग्धांश हलका असतो, त्यामुळे साय काढलेले दूध काट्यावर उलट जास्तच दाखवते. उकळून निवल्यावर साय किती धरते, ते पाहावे.