नळीवर रुतलेलं कडं

सिंकखालचा जुना व्हॉल्व्ह बदलायला घेतला, की व्हॉल्व्ह तसा सहज सुटतो. दोन पाने लावायचे, नट सोडवायचा, व्हॉल्व्ह हातात येतो. काम अडतं ते त्यानंतर. तांब्याच्या नळीच्या टोकाजवळ एक पिवळं कडं तसंच घट्ट बसून राहतं. त्याच्यामागे जुना नट कैद झालेला असतो, आणि कडं निघाल्याशिवाय तो बाहेर येऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, कारण तिथल्या बऱ्याच घरांतलं पाणी तांब्याच्या नळ्यांमधून फिरतं. आपल्याकडच्या जीआय किंवा सीपीव्हीसीच्या पाइपांवर काम केलेल्या हाताला हे कडं नवीन असतं. तिकडे त्याला ऑलिव्ह म्हणतात.

ते इतकं घट्ट का बसतं, हे आधी समजून घ्यायला हवं. घरातल्या नळाकडे येणारी नळी बहुधा बाहेरून 15 मिमी जाडीची असते आणि तिची भिंत जेमतेम 0.7 मिमी. नळीवर आधी नट चढतो, मग हे कडं, आणि मग नळीचं टोक व्हॉल्व्हच्या तोंडात जातं. व्हॉल्व्हचं तोंड आतून उतरतं असतं. नट आवळला, की कडं त्या उतारावर दाबलं जातं, सगळीकडून आकसतं आणि नळीला आवळून बसतं. पाणी अडतं ते या आवळण्यामुळे. नटाच्या आट्यांचं काम फक्त दाब देण्याचं. त्यामुळे वर्षानुवर्षांनी निघत नसलेलं कडं बिघडलेलं नसतं. ते ज्यासाठी केलंय तेच करत असतं. कुणी पूर्वी नट गरजेपेक्षा जास्त आवळला असेल, तर कड्याखाली नळीही किंचित दबून तिला कंबर आलेली असते, आणि कडं त्या खोबणीत रुतलेलं असतं.

म्हणूनच गंज सोडवणारं तेल इथे फारसं कामाचं नाही. तेलाने अडकलेला नट सुटेल, पण कड्याखाली शिरायला तेलाला जागाच नसते, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीत तेल जाणं बरंही नाही. तापवण्याचाही उपयोग नाही. पितळ आणि तांबं उष्णतेने जवळपास सारखंच फुगतं, त्यामुळे कडं सैल होत नाही. उलट जवळपास डाख दिलेला जोड असेल तर तो मात्र सुटू शकतो.

समजा, लंडनच्या हॅरो भागातलं एक जुनं घर आहे. स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळीवरचा छोटा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह त्याच्या स्क्रूच्या खाचेतून पाझरतोय. नळी कपाटाच्या तळातून वर आली आहे आणि तळापासून व्हॉल्व्हपर्यंत चार बोटं सरळ दिसते. तिच्या खाली, फळीच्या आड, एक डाख दिलेला कोपरा आहे. व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला लवचीक होज आहे, तो रबरी वॉशरवर बसतो. म्हणजे प्रश्न एकाच कड्याचा आहे, खालच्या.

घराचा मुख्य स्टॉपकॉक बंद करायचा. तो पुष्कळदा याच सिंकखाली असतो, नाहीतर बाहेर फुटपाथवर झाकणाखाली. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून पाणी उतरू द्यायचं. व्हॉल्व्ह सोडवताना एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलं तर नळी पिळली जाते आणि तो पीळ थेट फळीआडच्या कोपऱ्यावर जातो. (हे सगळं पाण्याच्या नळीबद्दल आहे. गॅसची नळीही तांब्याचीच असते आणि तशीच दिसते, पण ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या कारागिरानेच हात लावायचा.)

व्हॉल्व्ह निघाला. आता पहिला विचार असा करावा की कडं काढायलाच हवं का. कडं नीट गोल असेल, चिरलेलं नसेल, तर नवा व्हॉल्व्ह जुन्याच नट-कड्यावर बसवता येतो. अट एकच, जुना नट नव्या व्हॉल्व्हच्या आट्यांवर पाना न लावता, नुसत्या बोटांनी चार-पाच वेढे फिरला पाहिजे. सगळ्या कंपन्यांचे आटे आणि आतले उतार तंतोतंत जुळतात असं नाही. नट फिरत असेल, तर कड्यावर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे देऊन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेली जोडाची पेस्ट लावून काम भागतं. अनेक जाणते प्लंबर आधी हेच करून बघतात, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या नळीला त्रास दिला नाही ती गळण्याची शक्यता कमीच.

आपल्या हॅरोच्या घरात मात्र नट दोन वेढ्यांतच अडतो. कडं काढायलाच हवं.

इथे बहुतेकांचा हात हातोडीकडे जातो. नट कड्यामागे टेकवून त्यावर खालून वर ठोके दिले, तर नट कड्याला पुढे ढकलतो हे खरं, आणि कधी कधी ते निघतंही. पण प्रत्येक ठोक्याबरोबर नळी वर खेचली जाते, आणि ती धरून ठेवायला खाली असतो फक्त तो डाखाचा कोपरा. तो हलला तर पाणी कपाटात दिसणार नाही, फळीखाली मुरत राहील. पकडीत कडं धरून पिळणं त्याहून वाईट, कारण 0.7 मिमी भिंतीची नळी लंबगोल व्हायला वेळ लागत नाही, आणि लंबगोल नळीवर कुठलंच कडं नीट बसत नाही.

यासाठी ऑलिव्ह पुलर नावाचं छोटं हत्यार मिळतं, तळहाताएवढं. त्याची करामत जोर कुठून कुठे जातो यात आहे. त्याच्या मधल्या स्क्रूचं गोल टोक नळीच्या तोंडात बसतं, आणि त्याचा मागचा जबडा नटाच्या पाठीमागे अडकतो. मूठ फिरवली, की स्क्रू नळीच्या टोकावर रेटतो आणि जबडा नटाला, पर्यायाने कड्याला, पुढे ओढतो. रेटणं आणि ओढणं दोन्ही त्याच चार बोटांच्या नळीत संपतं, फळीखालच्या कोपऱ्यापर्यंत काहीच पोचत नाही. शिवाय आत बसलेलं टोक नळीला चेपू देत नाही, आणि ओढ अगदी सरळ लागते.

पुलर लावण्याआधी कड्याच्या पुढचा नळीचा तुकडा स्वच्छ करायचा, कारण कड्याला त्याच्यावरून सरकत बाहेर यायचंय. लंडनचं पाणी जड आहे, त्यामुळे तिथे क्षारांचा पांढरा थर असतो, कधी जुना रंगही. बारीक पॉलिश पेपरने तो घासून तांबं उघडं करायचं. नळीचं तोंड कापताना आत वळलेली कड राहिली असेल तर तीही खरवडून काढायची, नाहीतर पुलरचं टोक आत शिरत नाही. मग मूठ सावकाश फिरवायची. पहिला पाऊण वेढा फार जड जातो, कडं खोबणीतून उठताना एकदा ‘टक्’ असं जाणवतं, आणि त्यानंतर नट आणि कडं मिळून हळूहळू वर येतात.

नळी भिंतीला चिकटून असेल किंवा कपाटात हत्यार फिरवायला जागा नसेल, तर कडं चिरावं लागतं. त्यासाठी लहान हॅकसॉ लागते. नट मागे सरकवायचा आणि कड्यावर तिरका, साधारण 45 अंशांचा काप घ्यायचा, पण आरपार नाही. किती खोल जायचं ते डोळ्यांनी कळतं. पितळी कड्याचा कीस पिवळा पडतो. कापाच्या तळाशी लालसर झाक दिसली, की करवत तांब्याला लागली. ती दिसण्याआधीच थांबायचं आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर कापात घालून पिळायचा. उरलेला पातळ पापुद्रा तटकन तुटतो आणि कडं उघडतं. काही कडी मात्र तांब्याचीच असतात. तिथे रंगाचा इशारा मिळत नाही, म्हणून दर दोन-चार घाशांनंतर स्क्रू ड्रायव्हर पिळून बघायचा.

कडं निघालं, की नळीवरून नख फिरवून बघावं. नखाला चरा लागला, तर तो कुठल्या दिशेचा आहे ते महत्त्वाचं. नळीच्या लांबीने गेलेला चरा सगळ्यात वाईट, कारण नव्या कड्याखालून पाण्याला तो सरळ पन्हळीसारखी वाट देतो. तिरका चराही कड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडत असेल, तर तेच होतं. अगदी वरवरचा असेल तर पॉलिश पेपर नळीभोवती गोल फिरवून घासता येतो. खोल चरा किंवा ठळक कंबर दिसली, तर तेवढा तुकडा पाइप कटरने कापून टाकलेला बरा. आपल्या घरात चार बोटं नळी आहे, तेव्हा दोन सेंटिमीटर गेले तरी चालतं, होज तेवढा लांब पोचला की झालं. नळी फार तोकडी उरली असेल, तर आहे त्या नळीवर कड्याला पेस्ट लावून निभावावं लागतं.

पुढचं काम थोडं आहे. नवा नट, नवं कडं, नळी व्हॉल्व्हमध्ये आत टेकेपर्यंत सरळ घालायची. नळी आत टेकली नाही, तर कडं टोकाच्या कडेवर बसतं आणि जोड नंतर निसटू शकतो. नट हाताने घट्ट करायचा, मग 15 मिमीच्या जोडाला पान्याने एक ते सव्वा वेढा. याहून जास्त आवळला, की आपणच पुढच्या माणसासाठी नळीला नवी कंबर पाडतो.

स्टॉपकॉक थोडा थोडा उघडायचा, नळातून हवा निघून जाऊ द्यायची. मग कोरडा टिश्यू पेपर नटाच्या मागच्या कडेवरून गोल फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर लगेच डाग पाडतो. तासाभराने पुन्हा फिरवायचा, आणि सकाळी आणखी एकदा, कारण रात्री वापर कमी झाला की नळीतला दाब वाढलेला असतो. डाग दिसला, तर व्हॉल्व्ह धरून नट आणखी पाव वेढा फिरवायचा. तरीही ओलं होत राहिलं, तर आवळत बसण्यात अर्थ नाही. पाणी बंद करून जोड सोडायचा आणि नळीवरचा तो चरा पुन्हा नखाने तपासायचा.