अंगणातले ब्लॉक का खचतात?

करकंबला आमच्या २० बाय १५ फुटांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, तेव्हा घरात पहिला वाद रंगाचा झाला. खरा प्रश्न ब्लॉकच्या खाली होता. ईदला अंगणात खुर्च्या मांडल्या की एक पाय खाली जातो, वजूचे पाणी एका कोपऱ्यात साचते; अशी अंगणे गावात आम्ही पाहिली आहेत. बहुतेक वेळा दोष ब्लॉकचा नसतो, वाळूचा असतो.

मिस्त्री खड्डा दिसला की वाळूने भरतो. मग कुठे एक इंच वाळू, कुठे तीन. वरून सगळे सपाट दिसते, पण जाड थर जास्त दबतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तिथे डबके होते. म्हणून उंच-सखलपणा मुरुमातच काढायचा. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची माती काढून मुरूम पाणी मारून थराथराने दाबून घ्यावा. उतारही मुरुमातच द्यायचा, दहा फुटांना दोन इंच.

वाळू सगळीकडे सारखी पडावी यासाठी सोपी युक्ती आहे. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून सुमारे ३३ मिलिमीटर जाड असतो. असे दोन पाइप मुरुमावर ठेवावेत, मध्ये वाळू टाकून वरून सरळ पट्टी ओढावी. मग पाइप काढून त्यांच्या खाचा भराव्यात आणि त्या वाळूवर पाय देऊ नये. ब्लॉक लावून मशीनने दाबले की थर इंचभर उरतो. तीनशे चौरस फुटांना सांध्यांसकट सुमारे चाळीस घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या आत वाळू पुरते.

आता कडा. आठ बाय चार इंची ब्लॉक, म्हणजे २०० बाय १०० मिलिमीटर, सांधा तीन मिलिमीटर. वीस फुटांत ३० ब्लॉक अगदी नेमके बसतात. पंधरा फुटांत ४४ ओळी बसून चार सेंटिमीटरची चिंधी उरते. इतके अरुंद तुकडे हमखास निसटतात. त्यापेक्षा कडेची काँक्रीटची पट्टी तेवढी आत घ्यावी. म्हणूनच पट्टी बांधण्याआधी कोरड्या ब्लॉकांची एक उभी आणि एक आडवी ओळ मांडून पाहायची. याला अर्धा तास लागतो.

ओळीआड सांधा फिरवला, तर २२ ओळींच्या दोन्ही टोकांना अर्धे ब्लॉक लागतात. एका ब्लॉकचे दोन अर्धे निघतात, त्यामुळे नासाडी फारशी नाही. हिशेब १३२० ब्लॉकांचा. पाच टक्के धरून १३९० मागवावेत. तिरकस नक्षी हवी असेल तर चारही कडांना तिरपे काप येतात. मग दहा टक्के धरा, म्हणजे साधारण १४६५. नक्षी सुंदर दिसते, पण कटरवाल्याची मजुरीही वाढते, हे घरच्यांना आधीच सांगावे.

शेवटी कोरडी बारीक वाळू सांध्यांत झाडून पुन्हा मशीन फिरवायची आणि आठवड्याने सांधे परत भरायचे. उरलेले ब्लॉक परत करू नका. दोन वर्षांनी एखादा फुटला तर नव्या लॉटचा रंग जुळत नाही.