६३व्या सेक्टरचा वारसा

नवी डिस्क बसवली, जुनीचं क्लोनिंग बिनचूक झालं, संगणकही सुरू झाला. तरी फाइली साठवताना तो पूर्वीपेक्षा जास्त रखडतो आणि डिस्कच्या तपासणीत दोष सापडत नाही. जुनी डिस्क विंडोज एक्सपीच्या काळातली असेल, तर आधी पार्टिशन कुठून सुरू होतं ते पाहावं.

हार्ड डिस्कचा सेक्टर वर्षानुवर्षं ५१२ बाइटचा होता. प्रत्येक सेक्टरमागे चुका दुरुस्त करणारी जादा माहिती ठेवावी लागते. सेक्टर मोठा केला की ती जागा वाचते. म्हणून उत्पादकांनी ४०९६ बाइटचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट’ आणला. जुन्या सॉफ्टवेअरची अडचण होऊ नये म्हणून यातल्या बहुतेक डिस्क बाहेर मात्र ५१२ बाइटचाच सेक्टर दाखवतात. असे आठ सेक्टर मिळून आतला एक खरा सेक्टर होतो.

एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करत असे आणि ६३ला आठने भाग जात नाही. एनटीएफएसचा ४ केबीचा पहिला क्लस्टर ६३ ते ७० हे सेक्टर व्यापतो. पण खरे सेक्टर ५६ ते ६३ आणि ६४ ते ७१ असे आहेत. म्हणजे एक तुकडा एकात, उरलेले सात दुसऱ्यात. पुढचा प्रत्येक क्लस्टर असाच दोन सेक्टरांत फाटतो. एक क्लस्टर लिहायला डिस्कला दोन्ही सेक्टर वाचून, बदलून, तबकडी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. मोठी फाइल सलग लिहिताना हे तुकडे कॅशमध्ये जुळून येतात. खरा फटका बसतो तो असंख्य लहान फाइलींना. माहिती मात्र शाबूत राहते, म्हणून तपासणीत काही दिसत नाही.

व्हिस्टापासून पार्टिशन सहसा २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीवर सुरू होतं. पण संपूर्ण डिस्कचं क्लोन जुना ६३ही जसाच्या तसा उतरवतं. तपासायला लिनक्समध्ये

```
fdisk -l /dev/sdb
```

ही आज्ञा द्यावी आणि `Start` खालच्या आकड्याला आठने भागून पाहावं. सुरुवातीच्या काही डिस्क आतला खरा आकार सांगतच नसत, त्यामुळे `fdisk`कडून इशारा आला नाही तरी भागाकार करावाच. एक्सटेंडेड पार्टिशनमधल्या प्रत्येक भागाची सुरुवातही वेगळी तपासावी.

क्लोन करण्याआधीच हे लक्षात आलं, तर नव्या डिस्कवर २०४८पासून पार्टिशन आखून फक्त जुन्या पार्टिशनची प्रत त्यात उतरवावी. क्लोन होऊन गेलं असेल, तर जीपार्टेडमध्ये `Align to: MiB` निवडून पार्टिशन सरकवता येतं; पण तेव्हा सगळी माहिती जागेवरून हलते, म्हणून आधी बॅकअप हवाच.

यानंतर एक्सपी सुरू झालं नाही, तर एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्ये `0x1C` या स्थानी पाहावं. पार्टिशनची सुरुवात तिथेही नोंदलेली असते. `3F 00 00 00` म्हणजे अजून ६३च. २०४८साठी तिथे `00 08 00 00` हवं.